चौकटीला वाळवी लागली का, हे कसं ओळखायचं

न्हाणीघराच्या दाराची चौकट खालून वीतभर तपासा. ओल तिथेच टिकते. लाकूड आणि भिंतीच्या सांध्यात पेन्सिलएवढी मातीची नळी दिसली तर झाडून टाकू नका. मधला इंचभर भाग खरवडा. दोन-तीन दिवसांत ओल्या मातीने बुजला, तर वाळवी आत चालू आहे. नाही बुजला तरी निर्धास्त होऊ नका, वाट बदललेली असू शकते.

मग पेचकसाच्या मुठीने खालून वर ठोकत जा. ठणठणीत आवाज बोदा झाला की तिथे टोक दाबा. वाळवी रंगाचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं खाते, त्यामुळे टोक सहज घुसतं आणि आत माती लागते. बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर तो भुंगेरा. त्याचा इलाज वेगळा.

कपाटाचा पाठचा प्लाय भिंतीला चिकटलेला असतो, म्हणून खालचा खण रिकामा करून बॅटरीने कोपरे बघा. नुसतं रॉकेल ओतून भागत नाही: वरची मरते, जमिनीतली वसाहत राहते. सांध्यात तिरकी भोकं पाडून वाळवीनाशक भरावं लागतं, आणि गळका नळ त्याआधी दुरुस्त करावा लागतो.