गच्चीच्या कठड्याच्या विटा आणि कोपिंग: घनमीटरला ५०० धरण्याआधी

डिप्लोमा करून साइटवर आलेल्या पोराला पहिल्या महिन्यात जी फुटकळ कामं दिली जातात, त्यात गच्चीच्या पॅरापेटचा हिशोब हमखास असतो. स्लॅब झालेला असतो, मालक विटांची गाडी कधी मागवायची म्हणून मागे लागलेला असतो आणि साहेब म्हणतात, "एवढं काढून दे रे." पोरगं लांबी, उंची आणि जाडीचा गुणाकार करतं, घनमीटरला ५०० विटा धरतं आणि आकडा देऊन मोकळं होतं. गुणाकार बरोबर असतो, पण गुणायला घेतलेली तिन्ही मापं थोडीथोडी चुकलेली असतात. अशी बरीच कॅल्क्युलेशन्स मी तपासली आहेत, त्यामुळे चूक कुठे सापडणार हे आता वही उघडायच्या आधीच कळतं.

आपण एक साधं घर घेऊ. गच्चीचं बाहेरून बाहेर माप १२ मीटर बाय ९ मीटर. कठडा ९ इंची, म्हणजे २३ सेंटीमीटर जाड. मागच्या बाजूला मध्यावर जिन्याची केबिन आहे, तिची ३ मीटर रुंद भिंत बाहेरच्या रेषेवरच उभी आहे. तयार फरशीपासून कठडा किमान १ मीटर हवा, असं ड्रॉइंग सांगतं.

आधी लांबी. बाहेरून घेर ४२ मीटर भरतो, पण तोच धरला तर चारही कोपरे दोनदा मोजले जातात. म्हणून भिंतीच्या मधून जाणारी रेषा, म्हणजे सेंटर लाइन धरायची. बाहेरच्या घेरातून चार वेळा जाडी वजा केली की ती मिळते: ४२ वजा ०.९२, म्हणजे ४१.०८ मीटर. गच्ची एल आकाराची असली तर नवीन मुलं गोंधळतात, बाहेर वळणारे पाच कोपरे म्हणून पाच वेळा जाडी वजा करतात. पण एलमध्ये सहावा कोपरा आतल्या बाजूला वळतो आणि तिथे जाडी उलट मिळवावी लागते, त्यामुळे शेवटी वजाबाकी चारचीच राहते. काटकोनात वळणाऱ्या आणि पूर्ण बंद होणाऱ्या कुठल्याही कठड्याला हे लागू पडतं. आपल्या घरात केबिनची भिंतच कठड्याचं काम करते, म्हणून तिथले ३ मीटर कमी करायचे. उरले ३८.०८ मीटर. पावसाचं पाणी काढणाऱ्या पाइपांची भोकं वजा करत बसू नका. वीटकामाच्या मोजमापात ०.१ चौरस मीटरपर्यंतची भोकं वजा होतच नाहीत.

उंचीत मात्र खरी गंमत आहे. ड्रॉइंगवरचा १ मीटर तयार फरशीपासूनचा असतो, आणि वीट लागते ती उघड्या स्लॅबवर. मध्ये वॉटरप्रूफिंगचा विटांच्या तुकड्यांचा कोबा येतो. तो सगळीकडे सारखा नसतो: पाइपाच्या तोंडाशी ९-१० सेंटीमीटर, तर उताराच्या वरच्या टोकाला १५ पर्यंत जातो. कठडा सर्वात कमी उंच भरणार तो जिथे कोबा जाड आहे तिथे, म्हणून हिशोबाला १५ घ्यायचा, सरासरी नाही. वर कोपिंगची, म्हणजे कठड्याच्या माथ्यावर ओतायच्या काँक्रीटच्या पट्टीची, जाडी ७.५ सेंटीमीटर असेल. म्हणजे वीटकाम हवं १०० अधिक १५ वजा ७.५, एकूण १०७.५ सेंटीमीटर.

पण मिस्त्री १०७.५ सेंटीमीटर बांधत नाही, तो थर बांधतो. आपल्या गाडीतली वीट २३ बाय ११ बाय ७.५ सेंटीमीटरची आहे आणि दर्जा, म्हणजे दोन विटांमधला मसाल्याचा सांधा, १ सेंटीमीटरचा, तर एक थर ८.५ सेंटीमीटरला पडतो. १०७.५ भागिले ८.५ म्हणजे साडेबाराच्या वर, म्हणजेच १३ थर. त्याने वीटकाम ११०.५ सेंटीमीटर होतं आणि कोपिंगसकट, कोबा वजा जाता, सर्वात कमी जागीही १०३ सेंटीमीटर राहतं. बारा थरांवर थांबलो तर त्याच जागी ९४.५ उरतात. हे आधी ठरलं नसेल तर पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. बारा थर झाल्यावर मिस्त्री विचारतो, "साहेब, अजून एक घेऊ का?" आणि तेराव्या थराच्या तीनेकशे विटा साइटवर नसतात.

आता विटा मोजू. घनमीटरला ५०० हा आकडा खोटा नाही, पण तो १९ बाय ९ बाय ९ सेंटीमीटरच्या मॉड्युलर विटेचा आहे. आपल्याकडे भट्टीवरून येणारी ९ इंची वीट वेगळी. मग हुशार मुलगा आपल्या विटेवर सगळीकडून १ सेंटीमीटर मसाला चढवतो: २४ बाय १२ बाय ८.५, म्हणजे घनमीटरला साधारण ४०८ विटा. हेही बरोबर वाटतं, पण यातही एक गळती आहे. भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या तोंडावर दर्जा नसतो. ९ इंची भिंतीत ११ ची वीट, १ चा दर्जा आणि पुन्हा ११ ची वीट, असे मिळून २३ होतात. हिशोबात मात्र आपण दोन्ही विटांना जाडीत १२-१२ धरून २४ केले. त्या एका सेंटीमीटरमुळे विटा शंभरात चार कमी निघतात. ४ इंची भिंतीत तर शंभरात आठ.

म्हणून कठड्यासारख्या बारीक भिंतीला मी घनमीटर वापरतच नाही, तोंडाचं क्षेत्रफळ धरतो. समोरून एका विटेची जागा दर्जासकट २४ बाय ८.५ सेंटीमीटर, म्हणजे चौरस मीटरला ४९ विटा, आणि ९ इंची भिंतीत मागे दुसरी वीट असते म्हणून ९८. हेडरच्या थरात वीट आडवी शिरते. तिथे समोरची जागा १२ सेंटीमीटरची, पण मागे वीट नसते, त्यामुळे आकडा तोच येतो. बाँड, म्हणजे विटा रचायची पद्धत, कुठलीही असो, भानगड नाही.

आपल्या कठड्याचं तोंड ३८.०८ गुणिले १.१०५, म्हणजे ४२.०८ चौरस मीटर. गुणिले ९८ केलं की साधारण ४,१२५ विटा. थराने मोजून पडताळा घ्या: एका थरात ३१७ विटा, तेरा थरांत ४,१२५ च्या आसपास. याच भिंतीला ४०८ च्या हिशोबाने ३,९५० निघाल्या असत्या आणि ५०० च्या हिशोबाने ४,८४०. एका आकड्यात काम अडतं, दुसऱ्यात सातशे विटा अंगणात पडून राहतात. फूट आणि कोपऱ्यातली तोड यासाठी ५ टक्के धरले की ४,३३० होतात, आणि मी ४,४०० मागवतो. गाडीत तुटलेले तुकडे फेकायचे नाहीत, कोब्याला तेच लागतात.

हे सगळं विटेच्या मापावर उभं आहे, आणि वीट सांगितल्या मापाची असतेच असं नाही. गाडी उतरत असताना ढिगातून कशाही वीस विटा उचला, लांबीला लांबी चिकटवून एका ओळीत मांडा आणि टेप लावा. ४६० सेंटीमीटरच्या आसपास यायला हवं. मग त्याच रुंदीने आणि उंचीने मांडून बघा. वीट २१.५ बाय १० बाय ७ ची निघाली तर चौरस मीटरला ९८ ऐवजी १११ लागतात, म्हणजे आपल्या कठड्याला साडेपाचशे विटा जास्त. शिवाय थर ८ सेंटीमीटरचा होतो आणि तेरा थरांचं गणितही बदलतं: १०७.५ ला आता चौदा थर लागतात. दर हजारी स्वस्त मिळालेली वीट अशी महाग पडते. मसाल्याला १:६ च्या मापाने आपल्या कठड्याला बारा गोणी सिमेंट आणि ब्रासला थोडी कमी वाळू लागते. तिथे फारशी चूक होत नाही.

कोपिंगमध्ये चूक होते ती रुंदीत. भिंत २३ ची म्हणून कोपिंग २३ चं धरलेलं मी कितीदा पाहिलंय. कोपिंग भिंतीच्या बाहेर यायलाच हवं, नाहीतर पाणी प्लास्टरवरून ओघळतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथे काळे पट्टे दिसतात. बाहेर काढतानाही विटेपासून मोजू नका, प्लास्टरपासून मोजा. बाहेरचं प्लास्टर २ सेंटीमीटर, आतलं सव्वा, आणि दोन्हीकडे प्लास्टरच्या पुढे ५ सेंटीमीटर. बेरीज ३६ च्या वर जाते, आपण ३६ धरू. विटेपासूनच ५ मोजलं तर बाहेर उरतात ३ सेंटीमीटर, आणि खालून पाणी तोडणारी खाच पाडायला जागाच राहत नाही.

जाडी बाहेरच्या कडेला ८.५ आणि आतल्या कडेला ६.५ ठेवली की उतार गच्चीकडे होतो आणि वरची धूळ पावसात दर्शनी भिंतीवर न येता आत जाते. सरासरी ७.५. लांबी पुन्हा सेंटर लाइनचीच. कोपिंग बाहेरच्या बाजूला किंचित जास्त आलंय, त्यामुळे फरक पडतो तो चार सेंटीमीटरचा. ३८.०८ गुणिले ०.३६ गुणिले ०.०७५, म्हणजे १.०३ घनमीटर, आणि वाया जाणारं धरून १.०८. २३ रुंदीने केलं असतं तर ०.६६ निघालं असतं. म्हणजे तेरा-चौदा मीटर कोपिंग बाकी असताना माल संपला असता.

ओल्या काँक्रीटवरून कोरडा माल काढायला १.५४ ने गुणायचं: १.६६ घनमीटर. १:१½:३ च्या मापात सिमेंटचा वाटा साडेपाचात एक, म्हणजे ०.३ घनमीटर, ४३५ किलो, म्हणजे नऊ गोणी. वाळू अर्ध्या घनमीटरला थोडी कमी, खडी ०.९. खडी १० ते १२ मिलिमीटरची सांगा. २० ची खडी एवढ्या पातळ कडेला, सळईच्या आजूबाजूला बसत नाही आणि साचा काढल्यावर खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

सलग ३८ मीटर कोपिंग ओतू नका. गच्चीवर उन्हात ते इतकं तापतं आणि रात्री आकसतं की आपणहून तडे जातात, आणि ते आपल्याला हवे तिथे जात नाहीत. तीनेक मीटरवर सांधा ठेवा, सळई तिथे तोडा आणि फट नंतर सीलंटने भरा. खाच पाडायला साच्याच्या तळाला, कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटर आत, एक पाइपाची अर्धी चीर किंवा लाकडी पट्टी ठोकतात. ती पट्टी सांध्यापर्यंत सलग आहे का हे काँक्रीट पडायच्या आधी बघा. साचा उतरल्यावर कोपिंगच्या बाहेरच्या कडेवर मगभर पाणी ओता. थेंब खाचेपाशी सुटून खाली पडले तर ठीक, प्लास्टरपर्यंत सरकले तर ती खाच छिन्नीने मोकळी करून घ्या, रंगकाम सुरू व्हायच्या आत.