गाण्याचं श्रेय लिहिताना या चुका टाळा

चित्रपटातलं गाणं ऐकताना आपल्याला एकच वस्तू ऐकू येते, पण कागदावर ते दोन असतात. एक रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरं ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या रचनेचं स्टुडिओत तयार झालेलं एक विशिष्ट रूप. रचनेचे कर्ते संगीतकार आणि गीतकार. वाद्यांच्या ओळी लिहिणारा संयोजक आणि ट्रॅक उभा करणारा संगीत निर्माता यांचं काम ध्वनिमुद्रणात ऐकू येतं. संगीत दिग्दर्शकाचा पाय दोन्हीकडे असतो, आणि श्रेयनामावलीतला बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे संगीतकार आणि संगीत दिग्दर्शक हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सगळ्या गाण्यांच्या चाली एकाच माणसाच्या असतील तर त्याने काही बिघडत नाही. पण चाल बांधणं हे संगीतकाराचं काम. गायक निवडणं, सूर आणि लय ठरवणं, वादकांकडून हवं ते काढून घेणं, शेवटचं मिक्स मान्य करणं हे संगीत दिग्दर्शन. एका चित्रपटात चार-पाच जणांची गाणी असण्याचा जमाना आल्यापासून पोस्टरवरचं ‘संगीत’ हे नाव प्रत्येक गाण्याला चिकटवलं की चूक हमखास होते. त्यात पार्श्वसंगीत बऱ्याचदा आणखी वेगळ्याच माणसाचं असतं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही गाण्यांचं संगीत आणि पार्श्वसंगीत यांना वेगवेगळे पुरस्कार दिले गेले आहेत. त्यामुळे गाणं प्रकाशित करताना भरायच्या फॉर्ममधला `Composer` हा रकाना चित्रपटाकडे बघून भरायचा नाही, त्या एका गाण्याची चाल कोणाची हे विचारून भरायचा.

शब्दांच्या बाबतीत हीच चूक उलट्या दिशेने होते. चित्रपटाच्या गीतकाराचं नाव सगळ्या गाण्यांवर उतरतं आणि मूळ कवी गायब होतो. ‘अमर भूपाळी’ (1951) मधली ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी शाहीर होनाजी बाळांची आहे आणि संगीत वसंत देसाईंचं. ती त्या चित्रपटात आहे म्हणून त्याच्या दुसऱ्या कुणा गीतकाराची होत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मराठी चित्रपटात तुकोबांचा अभंग घेतला आहे. संगीतकाराने त्याला नवी चाल दिली. दिग्दर्शकाला प्रसंगाला धरून आणखी एक कडवं हवं होतं, ते आजच्या एका कवीने लिहिलं. व्हायोलिन आणि बासरीच्या ओळी संयोजकाने लिहून दिल्या. ताल, बास आणि बाकीचा ट्रॅक एका प्रोग्रॅमरने उभा केला, आणि त्यानेच गायकाचं ध्वनिमुद्रण करून घेतलं. शेवटी म्युझिक कंपनीने गाण्याचे हक्क घेतले.

हा फॉर्म घाईत भरला की दोनपैकी एक चूक होते. पहिली, गीतकार म्हणून फक्त आजच्या कवीचं नाव लिहिलं जातं. म्हणजे कागदोपत्री तुकोबांचे शब्दही त्याचे झाले. तोच अभंग दुसऱ्या अल्बममध्ये ‘संत तुकाराम’ नावाने नोंदलेला असेल, तर पुढे नोंदी जुळवताना वाद उभा राहू शकतो. दुसरी, सगळ्याला ‘पारंपरिक’ म्हणून मोकळं होणं. मग नवं कडवं लिहिणाऱ्याच्या रॉयल्टीवर पाणी पडतं. शिवाय कर्ता ठाऊक असताना ‘पारंपरिक’ लिहिणं मुळातच चूक, कारण हा शब्द कर्ता अज्ञात असेल तेव्हाचा आहे. योग्य नोंद अशी: गीत संत तुकाराम, अतिरिक्त गीत अमुक कवी, संगीत तमुक. चाल नवी असल्यामुळे संगीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ येणार नाही. वारीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी चालच घेतली असती, तर मात्र तिथे ‘पारंपरिक’ आलं असतं, आणि आपल्या संगीतकाराचं नाव संगीत संयोजनाखाली गेलं असतं.

संयोजकाचं काय करायचं, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. एक साधी कसोटी आहे. गाणं नुसत्या पेटीवर म्हणून बघा. मुखडा आणि अंतरा म्हणून जे उरतं, ती चाल. जे गेलं, म्हणजे सुरुवातीचा म्युझिक पीस, दोन कडव्यांमधली व्हायोलिनची ओळ, गायकाच्या मागून जाणारी दुसरी धून, ते संयोजन. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांसाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी केलेलं काम या दुसऱ्या भागातलं. त्या काळात असं काम करणाऱ्यांची नावं फार तर ‘सहायक’ म्हणून लागत. हा अन्यायच होता, पण त्याची भरपाई म्हणून आज संयोजकाला थेट संगीतकाराच्या रकान्यात बसवणंही बरोबर नाही. भारतीय कॉपीराइट कायदा संयोजनाला मूळ संगीतकृतीचं रूपांतर मानतो. मात्र गाणं ज्याच्यामुळे ओळखलं जातं तो सुरुवातीचा पीसच संयोजकाने नव्याने रचला असेल, तर कसोटी तोकडी पडते. अशा वेळी त्याला सहसंगीतकार मानायचं का, हे दोघांनी प्रकाशनाआधी लेखी ठरवलेलं बरं. गाणं गाजल्यावर ही चर्चा शांतपणे होत नाही.

‘निर्माता’ या एका शब्दाखाली तर तीन माणसं उभी असतात. चित्रपटाचा निर्माता पैसा आणि जबाबदारी घेतो. ध्वनिमुद्रणाचा निर्माता कायद्याने, ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि कायदा त्यालाच ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानतो. पुढे हक्क कराराने कंपनीकडे गेले की ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाचे हे सांगणाऱ्या `℗` च्या ओळीत सहसा तिचं नाव येतं. तिसरा संगीत निर्माता, म्हणजे आपल्या उदाहरणातला ट्रॅक उभा करणारा. स्ट्रीमिंग ॲपवर ‘Produced by’ खाली हा तिसरा अपेक्षित असतो. तिथे चित्रपटाच्या निर्मात्याचं किंवा कंपनीचं नाव दिसलं, तर समजा फॉर्म भरणाऱ्याने शब्द वाचला, अर्थ नाही.

हे सगळं का जपायचं? कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीत हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो वारस किंवा रॉयल्टी वसूल करणारी संस्था सोडून इतर कुणाच्या नावे करून देता येत नाही. पण नाव रचनेच्या नोंदीतच नसेल, तर हक्क असूनही पैसे पोचायला वाट राहत नाही. संयोजकाला आणि संगीत निर्मात्याला हा वाटा आपोआप मिळत नाही, त्यांचं मानधन करारावर ठरतं. ऑस्करही याच रेषेवर चालतं: 2023 मध्ये ‘नाटू नाटू’चा पुरस्कार संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांना मिळाला, गायकांना नाही.

जोडीचं नाव लिहितानाही जपा. श्रेयनामावलीत जोडनाव शोभतं, पण रचनेची नोंद करताना दोन माणसं आणि दोघांचे वाटे वेगळे लिहावे लागतात. टोपणनाव असेल तर ते खऱ्या नावाच्या नोंदीशी जोडलेलं हवं. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ नावाने चाली दिल्या, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण नोंदवहीला ते कुणीतरी सांगावंच लागतं.

चूक प्रकाशनानंतर सापडली, तर ॲपकडे तक्रार करण्याआधी ज्या वितरकामार्फत गाणं चढवलं त्याला दुरुस्ती पाठवायला सांगा, आणि रचनेची नोंद रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेकडे वेगळी सुधारून घ्या. एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप जात नाही. या दुरुस्तीसाठी गाण्याचा `ISRC` क्रमांक बदलू नका. तो ध्वनिमुद्रणाचा क्रमांक आहे, आणि नाव चुकलं म्हणून ध्वनिमुद्रण नवं होत नाही.