रूम रेंटची अट साठ सेकंदांच्या व्हिडिओत हसवत कशी समजवावी

आरोग्य विम्यातील एक मोठा गैरसमज प्रपोर्शनेट डिडक्शनबद्दल, म्हणजे मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास बाकीच्या बिलातही होणाऱ्या प्रमाणशीर कपातीबद्दल आहे. एका व्हिडिओत हीच एक अट घ्यावी.

प्रथम हिशेब कागदावर पक्का करावा. समजा, पॉलिसी तीन लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. पणजीतील मामा ६,००० रुपयांची खोली घेऊन चार दिवस राहतात. खोलीचे २४,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर व नर्सिंगचे १,००,००० आणि औषधे व तपासण्यांचे ४०,००० असे एकूण बिल १,६४,००० रुपये होते. मामांना वाटते की खोलीच्या फरकाचे १२,००० भरले की सुटलो. मात्र अनेक रुग्णालये खोलीच्या दर्जानुसार सर्जन, ऑपरेशन थिएटर व नर्सिंगचे शुल्कही वाढवत असल्यामुळे कंपनी तेही त्याच प्रमाणात, येथे निम्मे, कापते. औषधे व तपासण्यांना ही कपात लागू होत नाही. मामांच्या खिशातून जातात १२,००० आणि ५०,००० मिळून ६२,०००.

विनोद नेमका या गैरसमजावर बसवावा. त्यासाठी वेगळा चुटका शोधू नये, कारण मग प्रेक्षकाला चुटका आठवतो आणि अट विसरते. पहिल्याच वाक्यात मामा म्हणतात, "खिडकीतून मांडवी दिसायला हवी. बारा हजार जास्त गेले तर गेले!" पुढे थेट डिस्चार्जचा काउंटर दाखवावा.

"मामा, बासष्ट हजार भरायचे आहेत."
"अरे, मांडवी मी पाहिली, सर्जनने कुठे पाहिली?"
"खोली वाढली, तसा सर्जनचा दरही वाढला. कंपनी दोन्ही निम्मेच देते."

हसू आणि व्याख्या एकाच संवादात येतात, म्हणून हा संवाद चालतो. हसू मामांच्या हट्टावर यावे, आजारावर कधीही नको. रुग्णाच्या वेदनेची थट्टा झाली की विम्याबद्दलचा विश्वासच जातो. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून १२,००० आणि ६२,००० हे दोनच आकडे पडद्यावर मोठ्या अक्षरांत ठेवावेत. बाकीचा हिशेब व्हिडिओखालील वर्णनात द्यावा.

प्रसिद्ध करण्यापूर्वी पॉलिसी कधीही न वाचलेल्या नातेवाइकाला व्हिडिओ दाखवावा आणि जास्तीचे पैसे कशाचे गेले, एवढेच विचारावे. "खोलीचे" असे उत्तर आले, तर तो कितीही हसलेला असला तरी शेवटचा संवाद पुन्हा लिहावा.

वर्णनात दोन मर्यादा स्पष्ट लिहाव्यात: सर्व पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा नसते, आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही तेथे, तसेच आयसीयूच्या खर्चावर, ही प्रमाणशीर कपात करता येत नाही.