ऑफिसातून आलेला जुना लॅपटॉप बघायला जाताना

भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. इंदूरच्या विजय नगरातला एक मुलगा आपला विकत होता: आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, मागणी १८ हजार. जेल रोडच्या दुकानात असाच माल मिळतो, पण तिथे निदान उद्या परत जाऊन भांडता येतं. घरून विकणाऱ्याचं दार पैसे दिल्यावर आपल्यासाठी बंद. म्हणून जे बघायचं ते पैसे देण्याआधीच. पुढे लिहिलंय ते आम्ही ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने आहे.

निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी मागवा. पहिली, प्रोसेसरचं पूर्ण नाव. नुसतं "आय-५ आहे" यावर जाऊ नका. i5-8250U असेल तर रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी, आणि तिथून पुढच्यांवर विंडोज ११ रीतसर चालतं. i5-7200U असेल तर सातवी पिढी, तिच्यावर ते रीतसर बसत नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असा लॅपटॉप कितीही चकाचक असला तरी मी बघायलाही जात नाही. दुसरी गोष्ट, मूळ बिलाचा आणि खालच्या स्टिकरचा फोटो. बिल कंपनीच्या नावावर निघालं तर घाबरायचं कारण नाही. नोकरी सोडताना कंपन्या जुने लॅपटॉप माणसांना देतात, सुपर कॉरिडॉरवर काम करणाऱ्या अनेकांकडे असे असतात. फक्त मग शेवटची, रिसेट करून बघायची तपासणी कुठल्याही परिस्थितीत टाळायची नाही.

भेट विक्रेत्याच्या घरी, दिवसा, दोन तास हाताशी ठेवून. पोह्यांच्या ठेल्यावर उभ्याने सौदा करू नका, तिथे चार्जर लावायला प्लग नसतो. सोबत पेनड्राइव्ह आणि नेट भरलेला आपला फोन घ्या.

तिथे गेल्यावर लॅपटॉप बंद असेल तर उत्तम, नसेल तर बंद करायला सांगा. सुरू करताना F2 किंवा F1 दाबून (कंपनीप्रमाणे बदलतं) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये शिरा. तिथे पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो ठाऊक नसेल, तर चहा पिऊन परत या. काही मॉडेलांमध्ये तो काढायचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे. पासवर्ड नसेल तर आतला सिरियल नंबर स्टिकरवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून घ्या. तिन्ही जुळले पाहिजेत.

मग विंडोज सुरू करून चार्जर काढा, एक व्हिडिओ लावा आणि बॅटरीचा आकडा लिहून ठेवा. तो चालू असतानाच कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे तयार झाली ते खालीच लिहून येतं. ती उघडून DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे बघा. आमच्या लॅपटॉपमध्ये ते ५०,००० आणि ३१,००० होते, म्हणजे बॅटरी मूळच्या ६२ टक्के उरलेली. यात लबाडी एकच: स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी घातली असेल तर हे आकडे नवेकोरे दिसतात. म्हणून तो व्हिडिओ. अर्ध्या तासात आकडा हळूहळू उतरला तर ठीक, ४० वरून एकदम १० वर आला तर रिपोर्ट काहीही म्हणो, बॅटरी गेलेली आहे.

एसएसडीचं वय CrystalDiskInfo नावाचं सॉफ्टवेअर सांगतं, ते घरूनच पेनड्राइव्हवर घेऊन जा. Health Status मध्ये Good आहे ना, ते बघा आणि Power On Hours वाचा. मुलगा म्हणत होता, "घर पे ही पड़ा रहता था भिया." आकडा होता ९,८००. रोजचे आठ तास धरले तर सव्वाबाराशे दिवस, म्हणजे जवळपास पाच वर्षांची नोकरी. तो खोटं बोलत होता असं नाही, त्याच्या घरी खरंच पडून असेल; त्याआधी ऑफिसात राबला होता. भाव करताना हा आकडा कामी आला.

नोटपॅडमध्ये एकूण एक बटण दाबून बघा, पेनड्राइव्ह प्रत्येक पोर्टमध्ये घाला, कॅमेरा आणि माइक एकदा चालवा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. चोरीचा फोन असेल तर आयएमईआयवरून सरकारच्या यादीत कळतं, लॅपटॉपला तशी सोय नाही. त्यात कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात. ही नोंद डिस्कवर नसते, सर्व्हरवर असते. त्यामुळे डिस्क पुसा, विंडोज नव्याने टाका, ती जात नाही. आणि इंटरनेट न जोडता विंडोज बसवलं की ती दिसतही नाही. लॅपटॉप महिनोन्महिने मजेत चालतो, मग एक दिवस तुम्ही रिसेट करता आणि पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन तिचा पासवर्ड मागितला जातो. `dsregcmd /status` टाकून AzureAdJoined समोर YES दिसलं तर कंपनीचा हात अजून आहे हे नक्की. पण NO दिसलं म्हणून सुटका झाली असं मानू नका, विंडोज नव्याने टाकलेलं असू शकतं.

खात्रीचा उपाय एकच. विक्रेत्याला त्याच्या फाइली काढून घेऊ द्या आणि त्याच्याच हाताने Settings, System, Recovery मधून Reset this PC, Remove everything करवून घ्या. चार्जर लावलेला असू द्या. आम्हाला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो का, टचपॅड मधून उचललेला वाटतो का, हे बघून घ्या. तसं असेल तर बॅटरी फुगलेली असते. बिजागऱ्यांजवळच्या भेगाही याच वेळी शोधा.

रिसेट झाल्यावर पहिल्या पडद्यांवर नेट मागितलं जातं. तिथे आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडा. विक्रेता "नेट की ज़रूरत नहीं, आगे बढ़ो" म्हणाला तरी जोडाच. आम्ही जोडला आणि दोन मिनिटांत त्याच्या जुन्या कंपनीचं नाव समोर आलं.

मुलगा आमच्यापेक्षा जास्त गोंधळला. कंपनीने लॅपटॉप दिल्याचा ईमेल त्याच्याकडे होता, नोंद काढायचं मात्र तिथे राहून गेलं होतं. बयाणासुद्धा न देता आम्ही उठलो. त्याने सिरियल नंबरासकट आयटीवाल्यांना लिहिलं, पाचव्या दिवशी फोन आला. परत गेलो, पुन्हा रिसेट, पुन्हा हॉटस्पॉट. या वेळी साधं नेहमीचं साइन-इन आलं.

बॅटरीचे अडीच हजार वजा करून साडेपंधरा ठरले. पैसे त्याच्याच नावाच्या खात्यावर यूपीआयने दिले. कागदावर तारीख, सिरियल नंबर, रक्कम आणि त्याची सही घेतली, आणि कंपनीचा तो ईमेल त्याच्याकडून भाचीच्या पत्त्यावर फॉरवर्ड करवून घेतला.