पार्शल फ्रॅक्शन: स्थिरांक बरोबर, तरी उत्तर चूक? या चुका टाळा

पुण्यात बारावीच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासताना पार्शल फ्रॅक्शनच्या गणितांत एक प्रकार वारंवार दिसतो. आकडेमोड स्वच्छ असते, A आणि B च्या किमतीही बरोबर असतात आणि तरीही इंटिग्रेशनचं उत्तर चुकलेलं असतं. बहुतेक वेळा चूक किमती काढण्याच्या आधीच झालेली असते, छेदाचे तुकडे मांडताना. स्थिरांक काढायची जी झटपट रीत आपण वापरतो, ती मांडणीतली ही चूक दाखवत नाही.

ती रीत म्हणजे झाकून काढायची. इंग्रज अभियंता ऑलिव्हर हेविसाइड याच्या नावाने ती ओळखली जाते. छेदातला एक अवयव बोटाने झाकायचा, तो अवयव शून्य करणारी x ची किंमत उरलेल्या भागात घालायची, की त्या अवयवावरचा स्थिरांक हातात. समीकरणं मांडून सोडवण्यापेक्षा ही रीत कितीतरी वेगवान आहे आणि सीईटीसारख्या परीक्षेत ती वापरायलाच हवी. फक्त ती कशाचं उत्तर देते आणि कशाचं देत नाही, हे नीट माहीत हवं.

हे उदाहरण घ्या:

```
f(x) = (4x² − 3x + 5) / [(x − 1)²(x + 2)]
```

एका मुलीने याची मांडणी अशी केली होती:

```
f(x) = B/(x − 1)² + C/(x + 2)
```

मग (x − 1)² झाकून x = 1 घातलं: (4 − 3 + 5)/3, म्हणून B = 2. नंतर (x + 2) झाकून x = −2 घातलं: (16 + 6 + 5)/9, म्हणून C = 3. दोन्ही पूर्णांक आले, कुठे काही अडलं नाही. वही पुढे करून ती म्हणाली, "सर, किमती तर उत्तरातल्याच आहेत. मग उत्तर का जुळत नाही?"

किमती खरंच बरोबर होत्या. (x − 1)² असा अवयव दोनदा आला, की A/(x − 1) हे पदही लिहावं लागतं आणि तेच राहून गेलं होतं. आता ते पद लिहून पाहा. दोन्ही बाजूंना (x − 1)² ने गुणून x = 1 घातलं, की A(x − 1) शून्य होतं. म्हणजे ते पद लिहा किंवा विसरा, B ची किंमत 2 च येणार. C चंही तसंच. झाकण्याच्या रीतीत इतर सगळी पदं शून्य होऊन गळून जातात. ती वेगवान आहे ती त्यामुळेच, आणि एखादं पद मुळातच लिहिलेलं नसेल तर त्याचा पत्ता लागत नाही तोही त्यामुळेच. सहगुणक जुळवून समीकरणं मांडली असती, तर दोन अज्ञातांसाठी तीन समीकरणं आली असती आणि ती एकमेकांशी जुळली नसती. तिथे चूक लगेच उघडी पडते.

मग A कसा काढायचा? (x − 1) एकदाच झाकून x = 1 घालायचा प्रयत्न मुलं करतात, पण छेदात दुसरा (x − 1) उरतोच आणि शून्याने भागायची वेळ येते. पुन्हा आलेल्या अवयवासाठी झाकण्याची रीत फक्त सर्वांत वरच्या घाताचा स्थिरांक देते. A साठी दोन्ही बाजूंना x ने गुणा आणि x खूप मोठा होऊ द्या. डावीकडे वर 4x³ आणि खाली x³, म्हणून 4 उरतात. उजवीकडे A/(x − 1) मधून A, C/(x + 2) मधून C येतो आणि B चं पद शून्याकडे जातं. म्हणून A + C = 4, आणि C = 3 असल्याने A = 1. एवढं तोंडी होतं.

आता ताळा. आतापर्यंत न वापरलेली एक सोपी किंमत घ्या, इथे x = 0. डावीकडे 5/2. उजवीकडे −1 + 2 + 3/2, म्हणजे 5/2. जुळलं. त्या मुलीच्या मांडणीत 2 + 3/2 = 7/2 आलं असतं आणि चूक तिथेच सापडली असती. या ताळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही, म्हणून तो मी कधीच सोडू देत नाही. मात्र x = 1 किंवा −2 घेऊन ताळा होत नाही, तिथे छेदच शून्य होतो.

इंटिग्रेशन करताना मधल्या पदावर लक्ष ठेवा. छेदात वर्ग असला की त्याचं log येत नाही, 2/(x − 1)² चं −2/(x − 1) होतं:

```
∫ f(x) dx = log|x − 1| − 2/(x − 1) + 3 log|x + 2| + c
```

दुसरी चूकही याच जातीची आहे आणि तितकीच लपून राहते. x³/[(x − 1)(x + 2)] मध्ये अंशाची कोटी छेदाच्या कोटीपेक्षा मोठी आहे, म्हणून आधी भागाकार करायला हवा. तो न करता झाकून किमती काढल्या तर 1/3 आणि 8/3 येतात. भागाकार केल्यावर भागाकार x − 1 आणि बाकी 3x − 2 येते; बाकीवर तीच रीत लावली तरी पुन्हा 1/3 आणि 8/3 च येतात! कारण भागाकाराचं पदही झाकताना शून्याने गुणलं जातं. स्थिरांक बरोबर, पण उत्तरातून x²/2 − x हा भाग गायब. दोन्ही कोटी सारख्या असतानाही भागाकार लागतो, हे जास्त विसरलं जातं. तिथे सुटणारी गोष्ट म्हणजे एक साधी संख्या.

तिसरी जागा म्हणजे छेदातला न फुटणारा वर्ग, जसं x² + 1. त्याच्यावर नुसता C लिहून भागत नाही, Bx + C हवं:

```
(4x² − 1)/[(x − 2)(x² + 1)] = A/(x − 2) + (Bx + C)/(x² + 1)
```

(x − 2) झाकून x = 2 घातलं की 15/5, म्हणून A = 3. x ने गुणून x मोठा केला की A + B = 4, म्हणून B = 1. मग x = 0 घाला: 1/2 = −3/2 + C, म्हणून C = 2. एकही समीकरणांची जोडी सोडवावी लागली नाही. B लिहायचा राहिला असता तर दुसऱ्याच पायरीवर 3 = 4 असं आलं असतं, म्हणजे ही पायरी मांडणीही तपासून देते. इंटिग्रेशनसाठी वरचं पद फोडून घ्या: x/(x² + 1) चं ½ log(x² + 1) आणि 2/(x² + 1) चं 2 tan⁻¹x.

छेदात (2x + 1) सारखा अवयव असेल तर x = −1/2 घालून झाकायचं. x मोठा करण्याच्या पायरीवर A/(2x + 1) मधून A येत नाही, A/2 येतो. आणि इंटिग्रेशनमध्येही (A/2) log|2x + 1| लिहायचं. अवयव (2 − x) असेल तर तिथे दोन्ही ठिकाणी उणे चिन्ह येतं. ते टाळायचं असेल तर सुरुवातीलाच उणे बाहेर काढून (x − 2) करून घ्या.