आईबाबांना फ्रँकफर्टला विमान बदलायचंय? व्हीलचेअर अशी सांगा

अमेरिकेत नवीन आलेल्या बहुतेकांचे आईबाबा पहिल्यांदा येतात ते मुंबईहून युरोपात किंवा आखातात विमान बदलून. मी न्यू जर्सीत आल्याला आता बरीच वर्षं झाली. माझे आईबाबा फ्रँकफर्टमार्गे चार वेळा येऊन गेले, म्हणून त्याच विमानतळाबद्दल लिहितो. व्हीलचेअर मागितली की झालं, असं मलाही वाटायचं. पण काय मागितलं, कोणासाठी मागितलं आणि मधे किती वेळ ठेवला, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं.

आधी वेळेचं बघा. फ्रँकफर्टला विमान बदलायला कमीत कमी ४५ मिनिटं पुरतात असं विमान कंपन्या धरतात. त्यामुळे सव्वा-दीड तासाच्या जोडणीचं तिकीट तुम्हाला अगदी सहज विकलं जाईल. तो हिशोब भराभर चालणाऱ्या माणसाचा आहे. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात, आणि तीनशे माणसं उतरायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. पुढे प्रत्येकासाठी वेगळा माणूस नसतो. विमानतळाचे लोक चार-सहा जणांना एकत्र विजेच्या गाडीत बसवतात, एका ठिकाणी थांबवतात आणि गेटप्रमाणे पुढे नेतात.

गेल्या खेपेचं आमचं वेळापत्रक सांगतो. विमान सकाळी ७:१० ला उतरलं. आईबाबा ७:४० ला दाराबाहेर आले. गाडी येऊन मदतकक्षात पोहोचेपर्यंत आठ वाजले आणि तिथे पंचवीस मिनिटं बसावं लागलं. भारतातून आलेल्यांची फ्रँकफर्टला पुन्हा सुरक्षा तपासणी होते, ती आटोपेपर्यंत नऊ वाजत आले. आमचं विमान बी विभागाला लागलं होतं आणि पुढचं झेड विभागातून सुटणार होतं. हे अंतर लिफ्ट, लांबलचक बोगदा किंवा विमानतळाची छोटी ट्रेन असं करत कापावं लागतं. गेटवर पोहोचले तेव्हा ९:२० झाले होते, म्हणजे कुठेही काही न चुकता दोन तास दहा मिनिटं. पुढचं विमान १०:५० चं होतं म्हणून निभावलं. तेव्हा तीन तासांपेक्षा कमी जोडणी घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी. व्हीलचेअरवरचे प्रवासी यायचे आहेत म्हणून विमान थांबत नाही. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे चुकलंच तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीवर राहते.

आता काय मागायचं ते. व्हीलचेअरचे वेगवेगळे कोड असतात. WCHR म्हणजे लांब चालता येत नाही, पण जिना चढता-उतरता येतो. WCHS म्हणजे जिनाही जमत नाही. WCHC म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. फोनवर नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हटलं की बहुधा WCHR टाकतात. आईच्या पहिल्या खेपेला मी तेच केलं, आणि चूक माझीच होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. विमान इमारतीला न लागता दूर मोकळ्यावर उभं राहिलं, शिडी लावली आणि खाली बस. आईच्या नावापुढे ‘जिना उतरता येतो’ असंच लिहिलेलं होतं. कठडा धरून एकेक पायरी ती उतरली आणि नंतर आठवडाभर पाय सुजलेला होता. WCHS असेल तर विमानाच्या दाराशी उचलगाडी लावतात आणि खुर्चीसकट खाली घेतात. घरात दहा पायऱ्या चढताना जो माणूस मधे थांबतो, त्याच्यासाठी WCHS मागा.

कोणासाठी, हाही प्रश्न असतो. बाबा म्हणाले, ‘मला काय झालंय? मी रोज आमराईत फेऱ्या मारतो.’ खरं आहे, पण विजेच्या गाडीत जागा नोंदणी असलेल्यांना आधी मिळते. आई गाडीतून पुढे आणि बाबा दोन पिशव्या घेऊन मागे, अशी ताटातूट झाली तर बोर्डिंग पास कोणाकडे आणि फोन कोणाकडे? दोघांनाही लांबचं चालणं आणि परक्या भाषेतल्या पाट्या झेपणार नसतील तर दोघांसाठी नोंदवा. बाबांना मी एवढंच म्हटलं, ‘आईला एकटं सोडू नका.’ मग बसले.

नोंदणी निदान ४८ तास आधी व्हायला हवी, कारण युरोपात ही मदत देणं विमानतळाचं काम असतं आणि विमान कंपनी फक्त निरोप पुढे पाठवते. अमेरिकेत उलट, तिथे जबाबदारी विमान कंपनीची. दोन्हीकडे कायद्याने त्याचे पैसे लागत नाहीत. एजंटाने केलं म्हणाला तरी स्वतः फोन करा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर ज्यांचं विमान उडणार आहे त्यांना करा. विचारायचं असं: दोन्ही प्रवाशांच्या नावावर, जाता-येताच्या चारही उड्डाणांवर कोणता कोड आहे आणि त्यापुढे HK आहे का? HK म्हणजे पक्कं, दुसरं काही असेल तर विनंती अजून लटकलेली आहे. उड्डाणाची वेळ किंवा विमान बदलल्याचा ईमेल आला की परत फोन करा. नवीन उड्डाणावर हलवताना व्हीलचेअरची नोंद मागे राहून जाते, हे मी दोनदा पाहिलंय.

हातातलं सामान मांडीवर मावेल एवढंच द्या. खुर्ची ढकलणारा माणूस तुमच्या दोन चाकी बॅगा ओढू शकत नाही. आणि साजूक तूप, लोणचं, चटणी हातातल्या पिशवीत नको. मुंबईहून निघालं असलं तरी फ्रँकफर्टच्या तपासणीत १०० मिलीचा नियम पुन्हा लागू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसांसमोर डबा काढून टाकला की फार वाईट वाटतं त्यांना. औषधं मात्र हातातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

आईबाबांना तीन गोष्टी पाठ करून द्या. उतरायच्या तासभर आधी हवाईसुंदरीला व्हीलचेअरची आठवण करायची. सगळे उठले तरी जागेवरच बसायचं, घाईने बाहेर पडून गर्दीबरोबर चालायला लागलं की मदतनीस रिकामी खुर्ची घेऊन परत जातो. आणि खुर्चीतून कोणी हलवण्यापूर्वी संडासला जायचं असेल तर तेव्हाच सांगायचं, लाजायचं नाही. मदतकक्षात बसवून माणूस निघून जातो, ते नेहमीचंच आहे. पण विमान सुटायला तास उरला आणि कोणीच आलं नाही, तर तिथल्या काउंटरवर बोर्डिंग पास दाखवायचा. त्यासाठी मी मोठ्या अक्षरात एक कागद छापून दोघांच्या गळ्यातल्या पाकिटात ठेवतो:

```
We are two passengers with wheelchair assistance (WCHS).
Our next flight: ______  Departure: ______
Please take us to the gate together.
Our son's phone: ______
```

विमानतळावर वायफाय फुकट आहे. ते जोडून व्हॉट्सअॅप कॉल कसा करायचा, याची घरीच दोन-चार वेळा सवय करून घ्या. नेवार्कला उतरल्यावर मदतनीस इमिग्रेशन, सामानाचा पट्टा आणि बाहेरच्या दारापर्यंत सोबत असतो. इकडे त्यांना टिप द्यायची पद्धत आहे, म्हणून पाच-पाच डॉलरच्या नोटा, ते सांगलीहून निघायच्या आधीच, मी बाबांच्या खिशात पोहोचवलेल्या असतात.