ऑटोकोरिलेशनचा आलेख वाचताना या चुका टाळा

मालिका ठरावीक अंतराने स्वतःला पुन्हा गिरवते का, हे पाहायला आपण ऑटोकोरिलेशनचा आलेख काढतो. पण घाईने वाचला तर हाच आलेख नसलेलं चक्र दाखवतो आणि असलेलं लपवतो. R मध्ये तयार मिळणारी `AirPassengers` ही मालिका घेऊन पाहू. जानेवारी 1949 ते डिसेंबर 1960, दर महिन्याचे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासी, एकूण 144 आकडे.

सरळ `acf(AirPassengers)` चालवलं की सगळेच खांब उंच दिसतात. लॅग म्हणजे मालिका किती महिन्यांच्या अंतराने स्वतःशी ताडली ते. एका महिन्याच्या लॅगला 0.95, आठ महिन्यांना 0.66, बाराला 0.76. इथे दोन उलट चुका होतात. कुणी म्हणतं, "प्रत्येक लॅगला संबंध आहे, म्हणजे मालिका सतत पुनरावृत्त होते." कुणाला नुसता उतार दिसतो आणि तो चक्र नाही म्हणून मोकळा होतो. खरं कारण म्हणजे वाढता कल. ऑटोकोरिलेशन प्रत्येक आकडा संपूर्ण मालिकेच्या सरासरीशी ताडून पाहतं. प्रवासी वर्षागणिक वाढत गेले, त्यामुळे सुरुवातीची वर्षं सरासरीच्या खाली आणि शेवटची वर. शेजारचे महिने मग जवळजवळ नेहमी एकाच बाजूला पडतात, आणि खांब उंच राहतात. वार्षिक चक्र त्या उतारावर आठव्या लॅगनंतरच्या हलक्या चढाएवढंच उरतं.

म्हणून आधी कल काढा. चढउतारही वर्षागणिक मोठे होत जातात, तेव्हा लॉग घेऊन मग सलग महिन्यांतला फरक घ्यायचा:

```r
x <- diff(log(AirPassengers))
acf(as.numeric(x), lag.max = 48)
```

यातल्या `as.numeric` आणि `lag.max` या दोन्ही गोष्टी मुद्दाम आहेत. मासिक मालिका जशीच्या तशी दिली तर R आडव्या अक्षावर लॅग वर्षांत मांडतो, म्हणजे 1.0 लिहिलंय तिथे बारा महिने असतात. मी स्वतः सुरुवातीला त्याला एक महिना समजून बसलो होतो आणि बराच वेळ गोंधळलो. शिवाय R आपणहून फक्त 21 लॅगपर्यंतच जातो, म्हणजे चोविसावा लॅग दिसतच नाही. आणि बारानंतर चोवीसलाही खांब उभा राहतो का, हे पाहिल्याशिवाय पुनरावृत्ती म्हणायला आधार नाही. डावीकडचा शून्य लॅगचा 1 उंचीचा खांब मात्र सोडून द्या; मालिकेची जशीच्या तशी स्वतःशी तुलना केली तर उत्तर नेहमी 1 येतं.

नव्या आलेखात बाराव्या लॅगला 0.84 आणि चोविसाव्याला 0.74 येतं. निव्वळ योगायोगाचे खांब बहुधा ज्यांच्या आत राहतात त्या तुटक रेषा साधारण ±0.16 वर आहेत, कारण त्या 1.96 भागिले √143 इतक्या अंतरावर आखल्या जातात. वार्षिक चक्र आता स्पष्ट आहे. "पण 0.84 चं 0.74 झालं, म्हणजे चक्र विरतंय?" तसं नाही. लॅग 24 ला जोड्या 119 च उरतात, तरी सूत्रात भागाकार सगळ्या 143 नेच होतो. त्यामुळे अगदी तंतोतंत पुनरावृत्त होणाऱ्या मालिकेचे खांबही पुढे पुढे खुजे होतात. हा परिणाम बाजूला काढला तर दोन्ही आकडे अनुक्रमे 0.92 आणि 0.89 च्या आसपास येतात. घट नावापुरतीच.

सर्वांत फसवी जागा मधल्या खांबांची. चौथ्या लॅगला −0.32, आठव्याला −0.34, दोन्ही रेषेबाहेर. "चार महिन्यांचंही चक्र आहे" असा निष्कर्ष इथे पटकन निघतो. पण चार महिन्यांनी खरंच पुनरावृत्ती असती तर चौथा खांब वर गेला असता, खाली नाही. हे एकाच वार्षिक चक्राचे आतले तुकडे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर प्रवासी चढतात, शरदात उतरतात. चढाचा महिना चार महिन्यांनी उताराशी गाठ घालतो. आणि बाराच्या चक्रात चार महिने पुढे म्हणजे पुढच्या फेरीपासून आठ महिने मागे, म्हणून लॅग 4 आणि 8 जवळजवळ सारखे. पहिला (0.20) आणि अकरावा (0.21) यांचंही तेच. आलेख सहाव्या लॅगवर घडी घातल्यासारखा दिसला की चक्र एकच आहे असं समजा, आणि अकराव्या खांबासाठी वेगळं कारण शोधत बसू नका.

एखादाच खांब रेषेला जेमतेम ओलांडत असेल आणि त्याच्या पटीच्या लॅगला काहीच नसेल, तर तो सोडा. या रेषा 95 टक्क्यांच्या आहेत; मालिकेत काहीही नसलं तरी दर वीस खांबांत साधारण एक बाहेर पडतोच. पायथनमधल्या `plot_acf` चा पट्टा मात्र लॅगबरोबर रुंदावत जातो, R च्या रेषा सरळ राहतात. त्यामुळे एकच मालिका दोन्हींकडे काढून "इथे खांब बाहेर, तिथे आत" असा घोळ झाला, तर आधी पट्टा कसा आखलाय ते तपासा.